पाच एप्रिलचा चार मे

उदाहरणासाठी पुण्यातली एक मध्यम आकाराची गृहनिर्माण संस्था घेऊ. देखभालीचं बिल दर तिमाहीला निघतं, सदनिकेमागे ९,००० रुपये. १ एप्रिलला बिल, १५ एप्रिलपर्यंत भरायची मुदत, त्यानंतर वार्षिक २१ टक्क्यांनी सरळ व्याज. हिशेब एका छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतो. १ जुलैला पुढचं बिल निघालं आणि त्याच संध्याकाळी खजिनदारांच्या दारात माणसं उभी राहिली. एकजण म्हणाले, ‘‘अहो, मी पाच एप्रिललाच पैसे भरलेत. हे ९८ रुपये व्याज कशाचं?’’ सहा तारखेला भरणाऱ्या बाईंना २५९ रुपये व्याज लागलं होतं. सात तारखेला भरणाऱ्या आजोबांच्या बिलात तर सगळे ९,००० थकीत दिसत होते, वर ३९४ रुपये व्याज. चौदा तारखेला, म्हणजे मुदत संपता संपता ज्यांनी पैसे भरले, त्यांचं बिल मात्र स्वच्छ होतं.

खजिनदारांनी रात्रीच कंपनीच्या सपोर्टला मेल टाकली: ‘आपल्या सॉफ्टवेअरमध्ये व्याजाचं गणित चुकत आहे. सभासद भांडायला येत आहेत. तातडीने दुरुस्त करावे.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘सर, आम्ही आमच्याकडे तपासलं. व्याज बरोबर येत आहे.’

गंमत अशी की उत्तर खरं होतं. व्याजाचं गणित चुकत नव्हतंच. १५ एप्रिलची मुदत आणि ४ मेची पावती धरली, तर १९ दिवसांचं व्याज ९८ रुपये ३८ पैसेच होतं. प्रश्न होता तो पाच एप्रिलचे पैसे ४ मेला जमा झाल्याचं सॉफ्टवेअरला का वाटलं, हा. पण मेलमध्ये पाच एप्रिल नव्हता, ४ मे नव्हता, एकही पावती नव्हती. खजिनदारांनी जे पाहिलं ते लिहिलं नव्हतं. पाहिलेल्यावरून जो निष्कर्ष काढला तेवढाच लिहिला होता, आणि तो चुकीचा होता. सपोर्टच्या माणसाने बिचाऱ्याने निष्कर्षच तपासला.

तक्रार लिहिण्याच्या कलेतली सगळी मेख इथे आहे. पुट्टी नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर जगभरचे संगणक-व्यवस्थापक वापरतात. ते लिहिणारे सायमन टॅटम यांनी १९९९ साली दोषांची तक्रार कशी करावी यावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तक्रारीचा पहिला हेतू बिघाड प्रोग्रॅमरच्या डोळ्यांदेखत घडवून दाखवणं हा असतो. तो शेजारी बसलेला असेल तर दाखवता येतं. तो दुसऱ्या गावी असेल, तर अशी कृती लिहून द्यावी लागते की तीच पावलं टाकल्यावर त्याच्यासमोरही तोच बिघाड व्हावा. म्हणून तक्रारीचे तीन भाग पडले: काय केलं, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. तीन भाग वाचायला सोपे वाटतात. खरं काम त्याच्या आधीचं असतं, ते शोधाचं.

आपल्या खजिनदारांचा शोध कसा चालला असेल ते पाहू. पहिल्यांदा त्यांच्यासमोर फक्त भांडायला आलेल्या सभासदांची यादी होती. ही यादी फसवी असते, कारण ज्यांचं नुकसान झालं तेच बोलतात. त्यांनी पावत्यांची वही उघडली, बँकेचा खातेउतारा शेजारी ठेवला आणि तक्रार असो वा नसो, एप्रिलमधल्या सगळ्या पावत्यांच्या तारखा ताडून पाहिल्या. तेव्हा चित्र पालटलं. पाच एप्रिलची पावती ४ मेला नोंदली होती, सहाची ४ जूनला, सातची ४ जुलैला. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. सात तारखेचे पैसे सॉफ्टवेअरच्या लेखी १ जुलैपर्यंत आलेलेच नव्हते, म्हणून आजोबांचं सगळं बिल थकलं. चार एप्रिल उलटा केला तरी चार एप्रिलच राहतो, त्यामुळे ते सभासद सुखी होते. तेरा तारखेपासून पुढच्या पावत्याही बरोबर होत्या, कारण तेरावा महिना नसतो; सॉफ्टवेअरला ती तारीख उलटी वाचता येईना, मग ते निमूटपणे सुलटी वाचत होतं.

एक, दोन आणि तीन एप्रिलला भरणाऱ्यांची तर आणखी मजा. त्यांच्या पावत्या ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी आणि ४ मार्चला नोंदल्या गेल्या होत्या. पैसे मुदतीआधीच आलेले दिसत असल्यामुळे व्याज लागलं नाही आणि कुणी तक्रारही केली नाही. पण ते पैसे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसले होते. व्याजावरून भांडणाऱ्यांच्या यादीत हा दोष कधीच सापडला नसता, आणि हिशेबाच्या दृष्टीने जास्त गंभीर भाग हाच होता.

आता ‘व्याज चुकतं’ या वाक्याच्या जागी एक नेमकं वाक्य आलं: महिन्याच्या १ ते १२ तारखांच्या पावत्यांत दिवस आणि महिना उलटतात. पण सगळ्याच पावत्यांत का? नाही. ज्या पावत्या खजिनदारांनी चेक हातात घेऊन स्वतः भरल्या होत्या, त्या ठीक होत्या. बिघडल्या होत्या त्या फक्त बँकेची फाइल सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेतल्यावर तयार झालेल्या. म्हणजे संशयाचा घेरा आयातीच्या पडद्याभोवती आला. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने ही फार मोठी मदत आहे, कारण व्याजाचा कोड आणि फाइल वाचण्याचा कोड वेगवेगळ्या ठिकाणी असतो. बरेचदा ते लिहिणारी माणसंही वेगळी असतात.

इथे एक सापळा आहे आणि भलेभले त्यात सापडतात. बँकेने दिलेली फाइल बहुधा सी.एस.व्ही. प्रकारची असते, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते. एक्सेल तारखेसारखं जे दिसेल ते आपल्या समजुतीने तारखेत बदलतं, आणि आपण सवयीने सेव्ह केलं की मूळ मजकूर गेला. मग चूक बँकेची, एक्सेलची की सॉफ्टवेअरची, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे तपासायला फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. तिथे जसं आहे तसंच दिसतं. खजिनदारांनी तशी उघडली. बँकेने `05/04/2024` असंच लिहिलं होतं. बँक निर्दोष.

मग सगळ्यात उपयोगी प्रश्न: हे कधीपासून होतंय आणि त्या सुमारास काय बदललं? जानेवारीच्या तिमाहीपर्यंत सगळं ठीक होतं. सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच. बँक तीच. बदलला होता तो लॅपटॉप. मार्चमध्ये खजिनदारांचा मुलगा अमेरिकेहून आला, त्याने स्वतःचा जुना पण चांगला लॅपटॉप वडिलांना दिला आणि संस्थेचं काम त्यावर हलवलं गेलं. त्या लॅपटॉपवर विंडोजची `Regional format` ही सेटिंग `English (United States)` अशी होती. अमेरिकेत तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस. सॉफ्टवेअर फाइलमधली तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे वाचत असावं, असा अंदाज बांधता येतो. आणि सपोर्टच्या कार्यालयातले सगळे संगणक भारतीय सेटिंगचे असतील, तर ‘आमच्याकडे बरोबर येतंय’ हे उत्तरही आपोआप समजतं.

अंदाज बांधला म्हणजे झालं नाही. तो मोडून पाहावा लागतो. त्यासाठी खऱ्या हिशेबाला हात लावायचा नाही. खजिनदारांनी सॉफ्टवेअरमध्ये ‘चाचणी’ नावाची एक खोटी संस्था उघडली आणि नोटपॅडमध्ये चार ओळींची फाइल हाताने लिहिली:

```
Date,Flat,Amount
02/04/2024,T1,9000
05/04/2024,T2,9000
07/04/2024,T3,9000
13/04/2024,T4,9000
```

बँकेची दोनशे ओळींची खरी फाइल पाठवण्यापेक्षा ही चार ओळींची फाइल कितीतरी मोलाची. एक तर तिच्यात कुणाचं नाव, खाते क्रमांक किंवा मोबाइल नंबर नाही. सभासदांची माहिती सपोर्टच्या इनबॉक्समध्ये सोडण्याचा अधिकार खजिनदारांना कुणी दिलेला नसतो. आणि दुसरं, दोनशे ओळींत शंभर शंका निघू शकतात, चार ओळींत लपायला जागा नसते. चार तारखाही विचार करून घेतल्या आहेत: एक मागच्या वर्षात जाणारी, एक व्याज लावणारी, एक थकबाकी दाखवणारी आणि एक बरोबर राहणारी. चार एप्रिल मुद्दाम टाळला, कारण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बरोबर येणारी ओळ लोक सहसा गाळतात. ती ठेवावी, बिघाडाची सीमा कुठे आहे ते तीच सांगते.

ही फाइल अमेरिकी सेटिंगवर आयात केली, तीन तारखा उलटल्या. सेटिंग `English (India)` केली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, नव्या चाचणी-संस्थेत तीच फाइल घेतली, चारही बरोबर. पुन्हा अमेरिकी, पुन्हा तीन उलट्या. दर वेळी बदललं ते एकच. तिसऱ्यांदा परत जाणं अनेकांना आळसामुळे नको वाटतं, पण त्यामुळेच पहिल्या दोन वेळांचा निकाल योगायोगाचा नव्हता हे कळतं. एकदम सेटिंग बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं आणि फाइलही नवी घेतली, तर बरं कशाने झालं हे सांगता येत नाही.

आता तक्रार लिहायची. खजिनदारांची दुसरी मेल साधारण अशी असेल:

> विषय: बँक फाइल आयात करताना १ ते १२ तारखांत दिवस-महिना उलटतो (विंडोज अमेरिकी सेटिंगवर)
>
> कुठे: सॉफ्टवेअर आवृत्ती `Help > About` मध्ये दिसते तशी (चित्र सोबत). विंडोज ११. `Regional format`: `English (United States)`.
>
> पावलं:
> १. नवी रिकामी संस्था तयार केली.
> २. `Receipts > Import from Bank` उघडलं.
> ३. सोबतची `test.csv` निवडून `Import` दाबलं. कोणताही इशारा आला नाही.
> ४. `Receipt Register` उघडलं.
>
> अपेक्षित: चारही पावत्या एप्रिल २०२४ मध्ये, अनुक्रमे २, ५, ७ आणि १३ तारखेला. आयातीच्या पडद्यावरच `Date format: DD/MM/YYYY` असं लिहिलेलं आहे.
>
> प्रत्यक्ष: टी१ ४ फेब्रुवारी, टी२ ४ मे, टी३ ४ जुलै, टी४ १३ एप्रिल (चित्र सोबत).
>
> किती वेळा: दर वेळी. सेटिंग `English (India)` केल्यावर होत नाही. परत `United States` केल्यावर पुन्हा होतं. जुन्या संगणकावर (भारतीय सेटिंग) कधी झालं नव्हतं.
>
> परिणाम: मुदतीत भरलेल्यांना व्याज लागलं, काहींची पूर्ण थकबाकी दिसली, काही रक्कम मागील आर्थिक वर्षात नोंदली गेली.
>
> माझा अंदाज: तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे वाचली जात असावी.

या मेलमध्ये रागाचा एक शब्द नाही, पण ‘तातडीने’ लिहिलेल्या पहिल्या मेलपेक्षा ही जास्त तातडीची आहे. ‘परिणाम’ या ओळीवरून कंपनी ठरवू शकते की हा दोष पुढच्या महिन्यात पाहायचा की आज. पैसे चुकीच्या वर्षात जाणं, तेही इशारा न देता, याला कोणतीही शहाणी कंपनी वर घेते. अंदाज शेवटी आणि अंदाज म्हणूनच लिहिला आहे. तो चुकला तरी वरचं काही खोटं ठरत नाही.

तीन भागांपैकी ‘अपेक्षित’ हा भाग लोक सर्वांत निष्काळजीपणे लिहितात: ‘बरोबर यायला पाहिजे’. बरोबर म्हणजे काय, ते कुणी ठरवलं? इथे आधार होता. सॉफ्टवेअरच्या पडद्यावरच तारखेचा नमुना छापलेला होता आणि सॉफ्टवेअरने स्वतःचाच शब्द मोडला. आधार नसता, तर कंपनी म्हणू शकली असती की आमची रचनाच तशी आहे, सेटिंग तुम्ही बघा. मग ती दोषाची तक्रार राहत नाही, नव्या सोयीची मागणी होते, आणि मागण्यांची रांग वेगळी आणि लांब असते. आधार म्हणून माहितीपुस्तिकेतलं वाक्य चालतं, पडद्यावरची सूचना चालते, आधीच्या आवृत्तीचं वागणं चालतं, सरकारी नियमही चालतो. ‘मला वाटलं’ चालत नाही.

‘प्रत्यक्ष’मध्ये डोळ्यांना दिसलं तेवढंच. पडद्यावर चुकीचा संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा, अक्षर न बदलता. ‘काहीतरी एरर आली’ यातून काही हाती लागत नाही. संदेशातला एखादा आकडा किंवा फाइलचं नाव प्रोग्रॅमरला थेट कोडच्या त्या ओळीवर नेतं. मोबाइलने तिरका काढलेला, प्रकाश चमकणारा फोटो पाठवण्याची आपल्याकडे फार हौस. विंडोजमध्ये `Win + Shift + S` दाबलं की पडद्याचा हवा तो तुकडा स्वच्छ उचलता येतो, आणि संदेश मजकूर म्हणूनही द्यावा, म्हणजे समोरच्याला तो शोधता येतो.

आपल्याला जे दिसलं ते हास्यास्पद वाटेल म्हणून गाळू नये, हेही इथेच सांगायला हवं. उबुंटू या संगणक प्रणालीच्या दोषनोंदींत २००९ च्या सुमाराची एक प्रसिद्ध तक्रार आहे: ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही. हे प्रथम लक्षात आलं ते एका वापरकर्त्याच्या पत्नीच्या, आणि नवऱ्याचा विश्वास बसला नव्हता. पण शोध घेतल्यावर ते खरं निघालं. छपाईला जाणाऱ्या फाइलमध्ये तारखेसोबत वाराचं आखूड इंग्रजी नाव लिहिलं जात असे. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणाऱ्या `file` नावाच्या प्रोग्रॅमकडे खुणांची एक यादी असते. त्या यादीत एर्लँग नावाच्या संगणकभाषेच्या फाइलींसाठीची एक खूण सदोष लिहिली गेली होती, आणि ठरावीक जागी `Tue` ही तीन अक्षरं दिसली की तिचं समाधान होत असे. मंगळवारची प्रत्येक छपाई मग एर्लँगची फाइल ठरून बाजूला पडायची. फाइलमधला वार हाताने बदलला की तीच छपाई निघते, हे कुणीतरी करून दाखवल्यावर वाद मिटला. ‘प्रिंटर अधूनमधून चालत नाही’ असं त्या बाई म्हणाल्या असत्या, तर आजही ती तक्रार ‘पुन्हा घडवता आली नाही’ या शेऱ्याखाली पडून असती.

अर्थात प्रत्येक बिघाड असा आज्ञाधारक नसतो. काही आठवड्यातून एकदा होतात, दोघांनी एकाच वेळी नोंद केली की होतात, नेट हळू असलं की होतात. तेव्हा पावलं लिहिता येत नाहीत आणि तसं प्रामाणिकपणे लिहावं: इतक्यांदा केलं, त्यापैकी इतक्यांदा झालं. सोबत घटनेची वेळ मिनिटापर्यंत द्यावी. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल, तर तिथल्या नोंदवहीत त्या मिनिटाला काय घडलं ते त्यांना सापडू शकतं. ‘काल दुपारी’ म्हटलं तर शोधायला हजारो ओळी, ‘२.१७ वाजता’ म्हटलं तर थोड्या.

दुसऱ्या मेलला उत्तर काय येईल? पहिल्या फळीतला सपोर्टचा माणूस बहुधा लिहील, ‘सर, सेटिंग `India` करा, प्रश्न सुटेल,’ आणि तक्रार बंद करू पाहील. त्याचंही चुकत नाही. त्याला दिवसाकाठी तक्रारी संपवायच्या असतात. हा तात्पुरता उपाय घ्यावा, कारण पुढचं बिल थांबत नाही. पण तक्रार बंद करायला संमती देऊ नये. पडद्यावर जो नमुना छापला आहे त्याच नमुन्याने तारीख वाचणं, किंवा निदान आयातीपूर्वी ‘या तारखा अशा वाचल्या, बरोबर आहे का?’ असं दाखवणं, हे सॉफ्टवेअरचं काम आहे. खजिनदारांनी तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन एवढंच लिहावं: तात्पुरता उपाय चालतो, मूळ दोष उघडा ठेवावा, दुरुस्तीची आवृत्ती कळवावी.

ती आवृत्ती आली की तीच चार ओळींची फाइल, तीच पावलं, तीच अमेरिकी सेटिंग. चारही तारखा एप्रिलमध्ये पडल्या तर दुरुस्ती झाली. भारतीय सेटिंगवरही एकदा पाहावं, कारण एक बाजू बरी करताना दुसरी मोडल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

आणि तरीही आजोबांच्या नावावर ९,००० थकीतच दिसतील. नवी आवृत्ती यापुढच्या फाइली बरोबर वाचते; आधीच उलट्या नोंदल्या गेलेल्या पावत्यांना ती हात लावत नाही, लावूही नये. त्यासाठी वेगळी तक्रार, वेगळ्या क्रमांकाने: एप्रिलमध्ये आयात झालेल्या पावत्यांची यादी, प्रत्येकीची बँकेतली तारीख आणि नोंदलेली तारीख शेजारीशेजारी, आणि त्या कंपनी दुरुस्त करून देणार की संस्थेने रद्द करून पुन्हा भरायच्या, हा सरळ प्रश्न. जानेवारी ते मार्चमध्ये जाऊन बसलेल्या पावत्या या यादीत सर्वांत वर हव्यात. मागच्या वर्षाचे हिशेब लेखापरीक्षकाच्या टेबलावर असतील, तर त्यांना फोन कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता करावा लागेल.